इंग्रजी 'यू'चं पत्रातलं मराठी: तू, तुम्ही की आपण?

इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्याला समोरच्याला काय म्हणावं हा प्रश्न पडत नाही. आजोबा असोत, बँकेचा खातेदार असो की कलेक्टर, सगळ्यांना 'यू'च. मराठीत मात्र 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतलं एक ठरल्याशिवाय पत्राची पहिली ओळही पुरी होत नाही. शिवाय ही निवड सर्वनामापाशी थांबत नाही. 'आहेस'चं 'आहात' होतं, 'तुझं'चं 'तुमचं' होतं, 'ये'च्या जागी 'या' किंवा 'यावे' येतं. म्हणून अनुवाद सुरू करण्याआधी निवड करायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती सांभाळायची. वाक्यावाक्याला ठरवत गेलं की पहिल्या परिच्छेदात 'आपण', तिसऱ्यात 'तुम्ही' आणि मध्येच एखादं 'तुझ्या' असा गोंधळ होतो. तो पत्र मिळणाऱ्याला लगेच खटकतो, कारण आपल्याला नक्की कोण समजलं आहे हेच त्याला कळत नाही.

आधी हाक, मग सर्वनाम

घरगुती पत्रात वय किंवा नातं पाहून अंदाज बांधू नका. लिहिणारा त्या माणसाला समोरासमोर हाक कशी मारतो, एवढंच विचारा. 'अहो' म्हणत असेल तर पत्रात 'तुम्ही', 'अरे' किंवा 'अगं' म्हणत असेल तर 'तू'. एकाच घरात वडील 'अहो बाबा' आणि आई 'अगं आई' असणं अगदी नेहमीचं आहे. आजोबांना 'तुम्ही' आणि आजीला 'तू' हेही तसंच. उलट आज अनेक घरांत वडीलसुद्धा 'अरे बाबा' आहेत. अशा घरातल्या मुलीच्या पत्रात 'बाबा, तुम्ही कसे आहात' असं लिहिलं तर ती रुसली आहे की काय, असं वडिलांना वाटेल.

मायन्यावरून सर्वनाम ठरवू नये. 'ती. सौ. आईस शि. सा. न.' असा मायना लिहून खाली 'तुझी तब्येत कशी आहे' असं लिहिण्याची रीत जुनी आहे आणि त्यात विसंगती नाही. मायना मान सांगतो, सर्वनाम जवळीक सांगतं. मात्र उलटी जोडी चालत नाही. 'चि.' लिहून खाली 'आपण' आलं तर वाचणारा अडखळणारच.

परदेशात वाढलेल्या नातवंडांची इंग्रजी पत्रं गावी पाठवण्यासाठी मराठीत करून द्यायची वेळ अनेकांवर येते. पत्र आजी आणि आजोबा दोघांना मिळून असतं आणि इंग्रजीत 'हाऊ आर यू' एवढंच असतं. दोघांना उद्देशून आहे तोवर प्रश्न सोपा आहे: 'तुम्ही दोघं कशी आहात?' इथे 'तुम्ही' अनेकवचनासाठी आलं आहे. एक पुरुष आणि एक स्त्री मिळून बोलताना विशेषण नपुंसकलिंगी अनेकवचनात जातं, म्हणून 'कशी'. पण पुढे पत्र एकेकाकडे वळलं की रूपं वेगळी करायला हवीत: 'आजोबा, तुमचा गुडघा आता कसा आहे? आजी, तू पाठवलेला मसाला संपला.' इंग्रजीत कोणाला काय विचारलं आहे ते नुसत्या 'यू'वरून कळत नसेल तर लिहिणाऱ्याला विचारा. मसाला आजोबांच्या नावावर घालून मोकळं होऊ नका.

कार्यालयीन पत्र: तुम्ही की आपण

अनोळखी प्रौढ माणसाला 'तू' लिहायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा प्रश्न 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्यातला आहे. इथे हिंदी आपली दिशाभूल करते. अनेक संस्थांचा मजकूर इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीवरून मराठीत येतो. वाटेत हिंदीतलं 'आप' मराठीत सरसकट 'आपण' होतं. पण हिंदीतलं 'आप' हे रोजच्या आदराचं सर्वनाम आहे आणि मराठीत ते काम 'तुम्ही' करतं. शेजारच्या काकांना, डॉक्टरांना, दुकानदाराला आपण 'तुम्ही'च म्हणतो. मराठीतलं 'आपण' त्याच्याही एक पायरी वर आहे. ते निमंत्रणात, अर्जात, सत्काराच्या पत्रात, वरिष्ठांना केलेल्या विनंतीत शोभतं. वीजबिलाच्या सूचनेत ते आलं की मजकूर उगाच ताठ होतो.

मी दोन प्रश्न विचारून निर्णय करते. पहिला, पत्राची दिशा कोणती? खालून वर जाणारं, म्हणजे मागणारं, विनवणारं किंवा बोलावणारं पत्र असेल तर 'आपण'. माहिती देणारं, सूचना देणारं, काय करायचं ते पायरीपायरीने सांगणारं पत्र असेल तर 'तुम्ही'. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा विसरला जातो: या पत्रात लिहिणारा आणि वाचणारा मिळून 'आपण' असे कुठे आहेत का? सोसायटीच्या पत्रात असतात, शाळेच्या पालकांना लिहिलेल्या पत्रात असतात, संघटनेच्या पत्रात तर असतातच. तसं असेल तर समोरच्याला 'तुम्ही'च म्हणा. 'आपण' हा शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावा लागणार आहे.

'आपण' एकाच पत्रात तीन कामं करतं

हा या सगळ्या विषयातला खरा अवघड भाग आहे. 'आपण' म्हणजे आदरार्थी दुसरा पुरुष. 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. आणि 'आपला' म्हणजे वाक्याच्या कर्त्याचा स्वतःचा. हिंदीत 'आपका' आणि 'अपना' असे दोन निराळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींना 'आपला'. इंग्रजीत तर 'युवर', 'अवर' आणि 'इट्स' असे तीन वेगळे शब्द असतात. अनुवादात ते तिन्ही 'आपल्या'त विरघळतात आणि पत्राचा अर्थ बदलू शकतो.

एक वाक्य पाहा. 'बँकेने आपल्या खात्यातून रक्कम वळती केली आहे.' कोणाच्या खात्यातून? लिहिणाऱ्याला 'खातेदाराच्या' म्हणायचं आहे. पण वाक्याचा कर्ता बँक आहे, आणि मराठी वाचकाचं मन 'आपल्या' हा शब्द आधी कर्त्याला जोडून पाहतं. म्हणून बँकेने स्वतःच्या खात्यातून पैसे काढले, असाही अर्थ सरळ निघतो. 'तुम्ही' वापरत असाल तर प्रश्नच नाही: 'बँकेने तुमच्या खात्यातून रक्कम वळती केली आहे.' पण 'आपण' ठेवायचंच असेल तर कर्ता काढून टाका: 'आपल्या खात्यातून रक्कम वळती करण्यात आली आहे.' वाक्यात बँक उरली नाही, म्हणून 'आपल्या' तिला चिकटू शकत नाही. सरकारी मराठीतल्या 'करण्यात आली आहे' या रचनेला आपण नावं ठेवतो, पण या एका ठिकाणी ती खरोखर उपयोगी पडते.

'आपल्या शाखेत कागदपत्रे जमा करावीत' हेही तसंच. पत्र लिहिणाऱ्या मुख्य कार्यालयाजवळची शाखा की ग्राहकाचं खातं जिथे आहे ती? सर्वनामावर भार टाकू नका, वस्तुस्थिती लिहा: 'आपले खाते असलेल्या शाखेत'. आणि 'आपल्याला पुढील महिन्यापासून जास्त शुल्क भरावे लागेल' हे सोसायटीच्या पत्रातलं वाक्य वाचून सभासद विचारणारच की सगळ्यांना की फक्त मला. एकट्या सभासदाला सांगायचं असेल तर 'तुम्हाला' लिहा, आणि 'आपण' ठेवायचंच असेल तर 'आपणास'. 'आपल्याला' हे रूप दोन्हीकडे झुकतं, पण 'आपणास' वाचल्यावर लेखी मराठीत कोणी 'आम्हा सर्वांना' असा अर्थ सहसा घेत नाही.

संस्थेच्या 'वी'साठी नेहमी 'आम्ही' वापरा, किंवा थेट संस्थेचं नाव लिहा. संस्था आणि वाचक मिळून काही करणार असतील तेव्हाच 'आपण'.

क्रियापदाचं शेपूट सांभाळा

'आपण'चा अर्थ बऱ्याचदा क्रियापदावरूनच कळतो. 'आपण आहात' म्हणजे तुम्ही, 'आपण आहोत' म्हणजे तुम्ही आणि मी. 'आपण याल' आणि 'आपण येऊ' हाच फरक. भूतकाळात मात्र जपायला हवं. 'आपण अर्ज केला' हे वाक्य दोन्हींना लागू पडतं. शेवटचा 'त' ठेवला, 'आपण अर्ज केलात', की वाचकच केंद्रस्थानी येतो. हा 'त' बोलताना गळतो, म्हणून लिहितानाही गळतो. पत्रात तो जपावा.

पण तो भलत्याच जागी लावूही नये. 'आपण अर्ज केला आहात' हे वाक्य आजकाल खूप दिसतं आणि ते चुकीचं आहे. सकर्मक क्रियापद इथे कर्माप्रमाणे चालतं, म्हणून 'आपण अर्ज केला आहे'. मग पुन्हा तोच दुहेरी अर्थ परत येतो. अशा वेळी वाक्य अर्जाकडूनच सुरू करा: 'आपला दि. … रोजीचा अर्ज मिळाला.'

आदरार्थी रूपाचा एक मोठा फायदा असा की बऱ्याच ठिकाणी लिंग लपतं. 'तू करतोस' किंवा 'तू करतेस' यांत आधी स्त्री की पुरुष हे ठरवावं लागतं. 'तुम्ही करता' लिहिलं की नाही. 'तुम्ही गेलात' हेही दोघांना चालतं. एकाच मजकुराची शेकडो पत्रं निघणार असतील तर हे सोयीचं पडतं. मात्र 'गेला असाल' आणि 'गेल्या असाल', 'पात्र ठरला आहात' आणि 'पात्र ठरल्या आहात' इथे लिंग पुन्हा डोकं वर काढतं. तिथे तिरकी रेघ मारून 'ठरला/ठरल्या' लिहिण्यापेक्षा वाक्याचा कर्ता बदलावा: 'आपली निवड झाली आहे', 'तुमचा पत्ता बदलला असेल तर'. वाचायला हेच सहज वाटतं आणि एखाद्या स्त्रीला पुरुषी रूप गेल्याची चूकही टळते.

सूचना आणि विनंती

इंग्रजीतल्या 'प्लीज', 'यू मस्ट', 'यू आर रिक्वेस्टेड टू' यांना मराठीत दोन मुख्य उत्तरं आहेत. 'तुम्ही'च्या पत्रात 'करा': 'अर्ज भरा, प्रती जोडा'. 'आपण'च्या पत्रात 'करावे'. हे 'करावे' नामाप्रमाणे बदलतं, आणि चुका होतात त्या इथे: अर्ज भरावा, माहिती द्यावी, दाखले आणावेत, प्रती जोडाव्यात, कागदपत्रे जोडावीत. 'आपण'च्या पत्रात मध्येच 'भरा' आलं की आधीचा सगळा अदबीचा सूर पडतो. 'तुम्ही'च्या पत्रात एखादं 'असावे' आलं तर मात्र ते नियमासारखं वाचलं जातं आणि खपतं.

या रूपांत सर्वनामाची गरजच उरत नाही. आज्ञार्थ सोडला तर अशा इंग्रजी वाक्याला 'यू'शिवाय उभं राहता येत नाही, मराठी वाक्य क्रियापदाच्या बळावर उभं राहतं. एका परिच्छेदात सात 'यू' आणि 'युवर' असतील तर मराठीत दोन-तीन पुरतात. जितकी सर्वनामं कमी, तितका 'आपल्या'चा गोंधळही कमी. इंग्रजीत जिथे 'यू' म्हणजे 'कोणीही' असतं, तिथे तर ते टाकूनच द्यायचं. पॅन कार्डाशिवाय यू खातं उघडू शकत नाही, याचं मराठी 'पॅन कार्डाशिवाय खाते उघडता येत नाही' असंच हवं. 'तुम्ही उघडू शकत नाही' लिहिलं तर एका माणसाला नकार दिल्यासारखं होतं.

एक पत्र सुरुवातीपासून

समजा, एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं इंग्रजी पत्र आहे. ते बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना जाणार आहे, मुली आणि मुलगे दोघांनाही, आणि बहुतेक घरांत ते आईवडिलांसमोर मोठ्याने वाचलं जाणार आहे. वय अठराच्या आसपास. शिक्षक त्यांना 'तू' म्हणत असतील, पण संस्थेने पहिल्याच पत्रात ती जवळीक घेऊ नये. 'आपण' घालावं तर पत्रात सूचना भरपूर आहेत, आणि शेवटी 'टुगेदर वी विल डिसाइड' असं एक वाक्य आहे. निर्णय: 'तुम्ही'.

इंग्रजीची सुरुवात 'डिअर स्टुडंट' अशी आहे. 'प्रिय विद्यार्थी' लिहिलं तर मुलींचं काय, म्हणून वर 'प्रति' आणि नाव, खाली नुसतं 'नमस्कार'. पहिलं वाक्य 'वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू दॅट यू हॅव बीन सिलेक्टेड'. यातले दोन्ही 'यू' एका 'तुमची'त मावतात. पुढचं वाक्य सांगतं की यू विल रिसीव्ह चाळीस हजार रुपये, युवर बँक खात्यात, दोन हप्त्यांत. इथे पैसे हाच कर्ता करायचा. त्यानंतर खातं युवर ओन नावाचं हवं, यू संयुक्त खातं देऊ शकत नाही. 'युवर ओन'ला 'आपल्या' लिहायचा मोह टाळून 'तुमच्या स्वतःच्या' लिहायचं, आणि दुसरा 'यू' सगळ्यांना लागू आहे म्हणून गाळायचा.

मग येतं यू ऑफिसला याल तेव्हा आई किंवा वडिलांना आणा, अवर समुपदेशक यू दोघांशी बोलतील. हा शेवटचा 'यू' खरं अनेकवचन आहे, आणि नुसत्या 'तुमच्याशी'ने ते कळणार नाही, म्हणून 'तुम्हा दोघांशी'. 'दोघांशी' हे रूप मुलगी आणि आई अशा जोडीला मात्र बसत नाही, तिथे 'दोघींशी' हवं. मजकूर सगळ्यांना एकच जायचा असल्यानं 'तुमच्याशी आणि पालकांशी' असं फोडलेलं बरं. त्यापुढे यू दुसरीकडे राहायला गेला असाल तर कळवा, हे वाक्य लिंग उघड करतं, म्हणून पत्त्याला कर्ता करायचं. सगळं जोडून पत्र असं होतं:

नमस्कार,

शिष्यवृत्तीसाठी तुमची निवड झाली आहे, हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे. शिष्यवृत्तीचे ४०,००० रुपये दोन हप्त्यांत तुमच्या बँक खात्यात जमा होतील. खाते तुमच्या स्वतःच्या नावावर असावे. संयुक्त खात्यात रक्कम जमा करता येत नाही.

कार्यालयात येताना आई किंवा वडिलांना सोबत आणा. आमच्या समुपदेशक तुमच्याशी आणि पालकांशी बोलतील. पुढील वर्षांचा खर्च कसा भागवायचा, हे आपण सर्व मिळून ठरवू. दुसरी शिष्यवृत्ती स्वीकारली असेल किंवा पत्ता बदलला असेल, तर येण्यापूर्वी कळवा.

कळावे,
सचिव

पत्रात 'आपण' एकदाच आलं आहे आणि ते 'आपण सर्व मिळून' या एकाच अर्थाने वाचता येतं. त्यासाठीच समोरच्याला 'तुम्ही' म्हणून ठेवलं होतं. शेवटी 'आपला विश्वासू' लिहिण्याची पद्धत आहे आणि 'तुम्ही'च्या पत्राखालीही ती चालते, कारण तो ठरलेला शब्दप्रयोग झाला आहे. पण सही करणारी बाई असेल तर 'आपली विश्वासू' लागेल, आणि सही कोण करणार हे अनुवाद करताना बहुतेक वेळा माहीत नसतं. 'कळावे' लिहून पद दिलं की तो प्रश्न उरत नाही.

हीच संस्था जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्याला कार्यक्रमाचं निमंत्रण देत असेल तर दिशा बदलते. 'कार्यक्रमास आपण उपस्थित राहावे, अशी विनंती आहे. आपल्या सोयीची वेळ कळवल्यास त्याप्रमाणे आम्ही आखणी करू.' इथे 'आम्ही' आहे, 'आपण आखणी करू' नाही. 'आपल्या सोयीची' निर्धोक आहे, कारण त्या वाक्यात 'आम्ही' येण्याआधी वेळ कळवणारा अधिकारीच समोर आहे. तरी शंका आली तर 'आपणास सोयीची वेळ' करावं.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

मजकूर संगणकावर असेल तर शोधण्याच्या खिडकीत 'आप' ही दोन अक्षरं टाका. आपण, आपला, आपल्या, आपणास ही सगळी रूपं एका फटक्यात सापडतात. प्रत्येक ठिकाणी थांबून उत्तर द्या: वाचक, आपण दोघं मिळून, की कर्ता स्वतः? उत्तर द्यायला क्षणभर जरी लागला तरी ते वाक्य बदला, कारण वाचणाऱ्याजवळ इंग्रजी मूळ नसतं. मग 'तुम' शोधा, मग 'तुझ', 'तुला' आणि 'तू'. 'तू' टाकल्यावर 'वस्तू', 'हेतू' असे शब्दही सापडतील, ते सोडून पुढे जा. 'आपण'च्या पत्रात 'तुम'चं एकही रूप सापडायला नको. 'आपण' वाचकासाठीही वापरलं असेल आणि 'मिळून'च्या अर्थानेही, तर पत्र 'तुम्ही'वर आणा.

शेवटी ज्यांना पत्रातलं काही माहीत नाही अशा कोणाकडून ते मोठ्याने वाचून घ्या, आणि प्रत्येक 'आपल्या'शी थांबवून विचारा, 'कोणाच्या?'